'संवादामुळे' लिहावं का?

घोडबंदरची विद्यार्थिनी
एम.ए. शिक्षणशास्त्राच्या सेमिनारसाठी एका शोधनिबंधाचा चिकित्सक सारांश मराठीत लिहिते आहे. लेख 2019 चा, क्रिस्टीन हाउ, सारा हेनेसी, नील मर्सर आणि सहकाऱ्यांचा. इंग्लंडमधल्या 72 वर्गांतले, 10-11 वर्षांच्या मुलांचे तास रेकॉर्ड केले आणि त्यातल्या बोलण्याची वर्गवारी केली. मी लिहिलंय, 'वर्गसंवादामुळे मुलांचे गुण वाढले.' मॅडमनी 'मुळे'खाली रेघ मारली. शिवाय त्या वर्गवारीतल्या 'क्वेरिंग' या प्रकाराला मराठीत 'प्रश्न विचारणे' चालेल का?

कळव्याचा सागर
नुसता सहसंबंध आहे, म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. चिकित्सेत तेवढंच लिहा, झालं.

वाशीच्या देसाई मॅडम (निवृत्त, अध्यापक विद्यालय)
सागर, कार्यकारण सिद्ध होत नाही, हे बरोबर. पण 'काहीच नाही' म्हणता येत नाही. मुलांची आधीची पातळी आणि इतर बऱ्याच गोष्टी हिशोबात घेऊनही संबंध उरला, त्यामुळे 'हुशार वर्गात गप्पा जास्त, म्हणून गुण जास्त' एवढ्यावर तो उडवून लावता येत नाही. मात्र संशोधकांनी कुठलाही वर्ग बदलला नाही, चालू शिकवणं टिपलं, तेही प्रत्येक वर्गाचे दोनच तास. एकूणच चांगलं शिकवणारे शिक्षक संवादही चांगला घडवत असतील, ही शक्यता राहतेच.
म्हणून असं लिही: 'ज्या वर्गांत मुलांचा सहभाग भरपूर होता आणि आधीच्या बोलण्यात भर घालणं, त्यावर शंका घेणं जास्त होतं, तिथे अभ्यासक्रमाच्या चाचण्यांतले गुणही जास्त आढळले.' सहभागाची अट गाळू नकोस. ती गेली की निष्कर्षच बदलतो.
'प्रश्न विचारणे' नको. मग 'सात गुणिले आठ किती?' हेही त्यात बसेल. समजा, एक मुलगा म्हणतो, 1/4 हा 1/3 पेक्षा मोठा, कारण चार मोठे. दुसरी म्हणते, 'मला नाही पटत, चौघांत भाकरी वाटली तर तुकडा लहान होईल.' ही शंका. तिसरा म्हणतो, 'आठ जणांत वाटली तर आणखी लहान.' ही भर. या मुलांनी बाईंना काहीच विचारलेलं नाही.

ऐरोलीचे गुरुजी
माझ्या वर्गात साठ मुलं. चारजण बोलतात, बाकीचे मान हलवतात. मी 'कोणाला पटत नाही?' विचारलं तर शांतता. हे लेखात येतं का?

देसाई मॅडम
गुरुजी, चौघांच्या बोलण्याला तिथे भरपूर सहभाग म्हणणार नाहीत. मुलांनी आपलं म्हणणं सगळ्यांसमोर मांडणं आणि एकमेकांच्या मुद्द्यांना हात घालणं, दोन्ही बघतात. साठ मुलांत ते कसं जमवायचं, याचं उत्तर या लेखात नाही. सारांशात ही मर्यादा म्हणून जरूर यावी.

घोडबंदरची विद्यार्थिनी
'मुळे' काढलं. 'शंका घेणे' घेतलं, पण मराठीत त्याला अविश्वासाचा वास येतो असं वाटतं. 'हरकत घेणे' कसं?

कळव्याचा सागर
हरकत सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेतात. मी 'आव्हान देणे' लिहिलं असतं.

देसाई मॅडम
'आव्हान' फार चढं होतं, सौम्य शंका त्यात मावत नाही. 'पडताळून पाहणे'ही सुचतंय, पण त्यात असहमती हरवते. कोणाकडे चांगला शब्द असेल तर सांगा.