वहीतल्या फ्लोचार्टचा फोटो आला, खाली एकच ओळ: "याचा प्रोग्राम बनवून दे". कसं करू?

पुलगावचा_पोऱ्या
मी बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या शेजारचे काका कापसाच्या जिनिंगवर दिवाणजी आहेत. काल त्यांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या मागच्या पानाचा फोटो टाकला आणि वर लिहिलेली ओळ. फोन केला तर म्हणाले, "त्यात सगळं लिवलं हाय, तू शिकून रायला नं?"

चित्र असं आहे. सुरू, मग "वजन", मग "ओल मोजा". त्याखाली डायमंड, आकडा देवनागरीत: "ओल १२ च्या वर?" हो असेल तर बाजूला "वाळवा" ही चौकट, आणि तिथून बाण वळून परत त्याच डायमंडला येतो. नाही असेल तर दुसरा डायमंड, "८ च्या वर?" त्याच्या हो वर "जितकी जास्त तितका टक्का कडता", म्हणजे पैशातून तेवढी कपात. नाही वर बाणच दिसत नाही, तिथे पान दुमडलेलं आहे. शेवटी "पावती".

मी जसं दिसलं तसं पायथनमध्ये लिहिलं:

```python
olava = float(input("ओल: "))
while olava > 12:
    print("वाळवा")
```

१४ टाकलं की वाळवा, वाळवा, वाळवा, मोबाईल तापेपर्यंत थांबत नाही. माझं चुकलं की काकांचं? भाषा बदलू का? बजेट शून्य, माझ्याकडे फक्त मोबाईल आहे, लॅपटॉप नाही. कृपया लॅपटॉप सुचवू नका.

सेकंडहँड_सम्राट
मोबाईलवर कोडिंग म्हणजे विळ्याने ऊस तोडणी. मी अमरावतीहून जुना लॅपटॉप घेतला, १८ हजार. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते, पण चार्जिंगला लावून ठेवला की मस्त चालतो. घेऊन टाक.

पुलगावचा_पोऱ्या
दादा, शेवटची ओळ वाचली का?

दूधवाला_एक्सेल
प्रोग्राम कायले पायजे? एक्सेलमध्ये टाक. मी आमच्या गावचं दूध संकलन चार वर्षांपासून एक्सेलवर चालवतो. फॅट टाकलं की दर येते, एक माणूस बोट दाखवत नाही. मोबाईलवरही चालते.

कोडक्वीन_वणी
सोपं आहे रे. चौकट म्हणजे एक ओळ, डायमंड म्हणजे `if`. वरून खाली वाचत जा आणि लिहीत जा. तू `while` लावलास तिथेच घोळ झाला. `if olava > 12` कर, एकदाच "वाळवा" छापेल आणि पुढे जाईल.

पुलगावचा_पोऱ्या
केलं ताई. आता १४ वर एकदा "वाळवा" म्हणतो आणि लगेच ६ टक्के कडत्याची पावती फाडतो. ओला कापूस घेऊन टाकला!

मास्तर_दारव्हा
ताईंचं अर्धं बरोबर आहे. ज्या डायमंडकडे खालून कुठलाच बाण परत येत नाही, तो `if`. ज्याच्याकडे किंवा ज्याच्या वर बाण परत येतो, तो लूप. काकांचा दुसरा डायमंड `if` आहे, पहिला लूपच आहे. तुझा `while` चुकला नाही.

चुकलं काय ते बोटाने कळेल. फोटोवर बोट ठेव आणि फक्त तेवढं वर्तुळ फिर: डायमंड, वाळवा, डायमंड. या फेरीत एक तरी चौकट अशी आहे का, जी ओलीचा आकडा बदलते? नाही. "वाळवा" हे काम माणूस अंगणात करतो, प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी ओल कायम १४. काकांना डोक्यात माहीत आहे की वाळवल्यावर मीटर पुन्हा लावायचं, म्हणून त्यांनी ते काढलं नाही. हाताने काढलेल्या चार्टमध्ये परत येणाऱ्या बाणाची ही हमखास चूक. तो बाण डायमंडला न जोडता "ओल मोजा"च्या वर जोड.

जुना_बेसिकवाला
आमच्या वेळी बेसिकमध्ये GOTO 30 लिहिलं की झालं. बाण जसा, कोड तसा. ही लूपची भानगडच नव्हती.

मास्तर_दारव्हा
आणि GOTO 30 लिहिलं असतं तरी पोऱ्याचा मोबाईल असाच तापला असता, कारण ३० व्या ओळीवर प्रश्न आहे, मोजणी २० वर आहे. बाकी GOTO नसला तरी कुठलाही चार्ट क्रम, निवड आणि पुनरावृत्ती यांत बसवता येतो, हे बोम आणि जाकोपिनी यांनी १९६६ मध्येच दाखवलं आहे.

जुना_बेसिकवाला
दाखवलं असेल. आमचं चालत होतं.

काट्यावरचा_माणूस
मले कोडिंग येत नाई, पण काट्यावर अकरा वर्षं झाली. मास्तर, बाण "ओल मोजा"च्या वर नाई, "वजन"च्या वर पायजे. वाळलेला कापूस हलका होते भाऊ!

हिशोब करा. २० क्विंटल कापूस, ओल १४. शंभर किलोत १४ किलो पाणी धरलं तर कोरडा माल १७.२ क्विंटल. वाळवून ओल १२ वर आणली, तर तोच १७.२ आता ८८ टक्के झाला. भागाकार करा, १९ क्विंटल ५५ किलो. ४५ किलो हवेत गेले. ७ हजार दर धरला तर तीन हजाराच्या वर. वजन जुनंच ठेवलं तर जिनिंगवाला पाण्याचे पैसे देते.

उलटंही होते. एका ठिकाणी माझ्या मेव्हण्याची गाडी वाळवाले लावली, वजन नवीन घेतलं आणि कडता जुन्या १४ वर कापला. म्हणजे पाणी उडालं ते गेलंच, वरून त्याच पाण्याचा कडताही गेला. प्रोग्राममध्ये कोणता आकडा शेवटी राह्यते ते पाहा.

मास्तर_दारव्हा
हे मला सुचलं नव्हतं. मान्य. वजन आणि ओल दोन्ही लूपच्या आत घेतले, तर शेवटच्या फेरीचेच आकडे उरतात आणि मेव्हण्याची केस होत नाही.

दूधवाला_एक्सेल
एक्सेलमध्ये हे सगळं एका ओळीत होते.

कोडक्वीन_वणी
एक्सेलला "पुन्हा मोज" कसं सांगणार? दुसरा आकडा पहिल्याच्या डोक्यावर टाइप करणार, मग आधी १४ होती याचा पुरावा कुठे?

दूधवाला_एक्सेल
दुधात अशी वेळ येत नाई.

शाई_पुसट
फोटोचं कोणी विचारलंच नाही. तो आकडा नक्की आठ आहे का? चार्टमध्ये बारा देवनागरीत लिहिलंय म्हणतोस. मग हा देवनागरी आठ आहे की इंग्रजी? कारण इंग्रजी आठ आणि देवनागरी चार, घाईच्या हातात सारखेच दिसतात. फरक एवढाच की चारचं डोकं वर उघडं असतं.

पुलगावचा_पोऱ्या
अरे बापरे. मोठं करून पाहिलं. देवनागरी आठ तर नक्कीच नाही. दोन गाठी आहेत, वरचं टोक धूसर आहे. मी आठ समजूनच चाललो होतो.

शाई_पुसट
व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतो, पेन्सिलीच्या बारीक रेषा आधी जातात. काकांना तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांग, मूळ साइजमध्ये येईल. दुमडीखालचा बाणही कदाचित दिसेल.

काट्यावरचा_माणूस
आठच असन. सरकारी कापूस खरेदीवाल्या सीसीआयचंही ८ ते १२ असंच हाय, ८ पर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, १२ च्या वर घेत नाई. चारवर कोण कडता लावते?

कोडक्वीन_वणी
खासगी माणूस काहीही लावतो. मोघम "आठ का चार" विचारू नकोस, "जे लिवलं ते" असं उत्तर येईल. दोन पावत्या करून पाठव.

मास्तर_दारव्हा
हे उत्तम. ताई, आता पूर्ण बरोबर. २० क्विंटल, दर ७०००, ओल १० धर. कापण्याआधी १,४०,००० होतात. आठवरून मोजलं तर २ टक्के कडता, पावती १,३७,२०० ची. चारवरून मोजलं तर ६ टक्के, पावती १,३१,६०० ची. दोन्ही पाठव आणि विचार, "काका, कोणती फाडू?" दिवाणजी माणूस चार्ट वाचणार नाही, पावती वाचेल.

दुसऱ्या डायमंडच्या गायब बाणाची काळजी नको. ओल आठ किंवा कमी असेल तर कडता शून्य, सरळ पावतीवर. बरोबर आठ आली तरी आठ वजा आठ शून्यच, कुठल्याही बाजूने गेलं तरी पावती तीच. बारावर मात्र तसं नाही. १२ च्या "वर" लिहिलंय, म्हणजे नेमकी १२ घ्यायची, असा मी अर्थ लावतो. तेही विचार.

सेकंडहँड_सम्राट
एवढा मोठा प्रोग्राम मोबाईलवर? बघ बुवा.

पुलगावचा_पोऱ्या
सगळ्यांना धन्यवाद. दोन पावत्या पाठवल्या. पाच मिनिटांत उत्तर: "पयली. दुसरीनं शेतकरी मारन मले." म्हणजे आठ. मूळ फोटोही आला, दुमडीखाली बाण आहे, सरळ पावतीवर जातो.

वजनाचं विचारलं. काका म्हणाले, "हंगामात काट्यावर चाळीस गाड्या रांगेत असतात, वाळलेली गाडी पुन्हा कोण लावते? वजन एकदाच." मी ४५ किलोचा हिशोब सांगितला. म्हणाले, "ते मालक पाहीन, तू चार्टात हाय तसं कर." तेव्हा बाण मास्तरांनी आधी सांगितला तिथेच ठेवतोय, "ओल मोजा"च्या वर. काटावाले काका, माफ करा.

```python
vajan = float(input("निव्वळ वजन, क्विंटल: "))
dar = float(input("दर: "))
while True:
    olava = float(input("ओल: "))
    if olava <= 12:
        break
    print("वाळवा")
kadta = max(0, olava - 8)
print(vajan * dar * (100 - kadta) / 100)
```

१४, मग १३, मग १० टाकून पाहिलं. दोनदा वाळवा म्हणाला, मग १,३७,२००. एक गंमत: काकांनी मराठी कीबोर्डवरून १४ देवनागरीत टाइप केलं, तरी पायथनने मुकाट्याने घेतलं. मला वाटलं होतं एरर येईल.

काट्यावरचा_माणूस
माफी मले कायले मांगतं? मालकाले माग. निदान पावतीवर पयली ओल आणि शेवटची ओल दोन्ही छाप. उद्या भांडण झालं तर दिवाणजीच्या कामाले येईन.

मास्तर_दारव्हा
दोन्ही छापायच्या तर पहिली वेगळ्या नावात जपावी लागेल. तुझ्या लूपमध्ये `olava` दर फेरीला पुसला जातो. आणि नेमक्या १२ चं काय म्हणाले काका?

पुलगावचा_पोऱ्या
ते विचारायचं राहिलं. आता जिनिंगवर आहेत, रात्री आठनंतर उचलतात फोन.