मदत हवी आहे : परदेशातल्या वर्गातील फळ्याच्या फोटोचे भाषांतर (उद्या संध्याकाळपर्यंत)

मालवण_लेथवाला : नमस्कार. माझी धाकटी बहीण परदेशात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते. तिने वर्गातल्या पांढऱ्या फळ्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. मी बोटींचे शाफ्ट दुरुस्त करतो, म्हणून गणित मला समजेल असे तिला वाटले. परंतु फोनमधल्या ॲपने केलेले मराठी भाषांतर काही केल्या जुळत नाही. वर 'परवानगीचा विद्युतदाब' असे आले आहे, बल 72,5 kN दाखवले आहे आणि शेवटी बाण काढून 10 लिहिले आहे. पोलादी सळईच्या गणितात वीज कुठून आली? उद्या संध्याकाळी तिला उत्तर जमा करायचे आहे. कृपया कोणीतरी नीट भाषांतर करून द्यावे.

वेंगुर्ल्याची_ताई : भाऊ, माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही गुणपत्रिकांचे भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून शिक्का मारून घेतले होते, कारण साधे भाषांतर प्रवेशासाठी स्वीकारले गेले नाही. तुम्हीही तसेच करावे. त्याला वेळ लागतो, त्यामुळे उद्याची मुदत मात्र वाढवून मागावी लागेल.

मालवण_लेथवाला : ताई, ही गुणपत्रिका नव्हे. फळ्यावर हाताने लिहिलेले गणित आहे आणि ते फक्त तिला समजायला हवे आहे.

लोटे_परशुराम : मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरे करतो, म्हणून आधी काही गोष्टी विचारतो. फळा कोणत्या भाषेत आहे, हे आपण कुठेच लिहिलेले नाही. मूळ फोटो मिळेल का? व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. त्यामुळे बहिणीला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. त्याहून चांगले म्हणजे फळ्यावर जे दिसते ते तिने जसेच्या तसे टंकून पाठवावे, अर्थ लावण्याचा प्रयत्न न करता.

मालवण_लेथवाला : क्षमस्व, भाषा जर्मन आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, पण तासिकेला जे सहायक येतात ते फळ्यावर जर्मनमध्ये लिहितात. बहिणीला बोलण्यापुरती जर्मन येते, परंतु तुटक शब्द कळत नाहीत. तिने टंकलेले असे आहे :

```
Zul. Spannung
d = 12 mm     F = 12,5 kN
A = 113,1 mm²
σ = F/A = 110,5 N/mm²
σ_zul = R_e/S = 235/1,5 ≈ 157
110,5 < 157  →  i. O.
vgl. Kerbw., S. 42
```

गुहागर_जहाजी : मी बावीस वर्षे जहाजांवर विद्युत विभागात काम केले आहे. आमच्या जर्मन बनावटीच्या स्विचबोर्डांवर 'श्पानुंग' हा शब्द रोज वाचायचो आणि त्याचा अर्थ व्होल्टेज असाच होतो. त्यामुळे ॲपने चूक केलेली नाही. बहिणीने विषय नीट सांगितला नसावा.

लोटे_परशुराम : गुहागरकर, स्विचबोर्डावर आपला अर्थ शंभर टक्के बरोबर आहे. मात्र जर्मनमध्ये तोच शब्द पदार्थाच्या आतील ताणालाही वापरतात, ज्याला कारखान्यात आपण स्ट्रेस म्हणतो आणि पाठ्यपुस्तकात प्रतिबल. कोणता अर्थ घ्यायचा ते शेजारच्या चिन्हावरून ठरवावे. विजेचा दाब असता तर जर्मन माणसाने U हे अक्षर आणि व्होल्ट हे एकक लिहिले असते. इथे σ आहे आणि एकक N/mm² आहे, म्हणून शीर्षकाचा अर्थ 'अनुज्ञेय प्रतिबल' असा होतो. पहिला तुटक शब्द 'अनुज्ञेय' या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप आहे.

आता 72,5 विषयी. जर्मन हस्ताक्षरात एकच्या आकड्याला डावीकडून लांब तिरकी रेघ असते, त्यामुळे तो आपल्या डोळ्यांना आणि ॲपलाही सातासारखा दिसतो. त्यांच्या साताला बहुधा मधोमध आडवी रेघ असते. परंतु केवळ अक्षराच्या वळणावर विसंबू नये, गणित उलट तपासावे. 72,500 न्यूटनला 113.1 ने भागले तर सुमारे 641 येते, आणि फळ्यावर 110.5 आहे. 12,500 ला भागले की 110.5 मिळते. म्हणजे फोटोत काहीही दिसो, बल साडेबारा किलोन्यूटनच आहे.

देवरूख_मास्तर : एक सांगावेसे वाटते. जर्मनमध्ये स्वल्पविराम हजारासाठी असतो, त्यामुळे तिथला आकडा वाचताना स्वल्पविराम काढून टाकावा. माझ्या विद्यार्थ्यांना मी असेच शिकवतो.

लोटे_परशुराम : मास्तर, इथे नेमके उलट आहे. जर्मनमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. आपल्या पद्धतीने वाचल्यास 12,5 चे 125 होतील आणि उत्तर दहापट फुगेल.

देवरूख_मास्तर : बरोबर, मी दोन्हींची अदलाबदल केली. तरीही माझे मत असे की तिने मराठीत भाषांतर करूच नये. परीक्षा इंग्रजीत असेल, तर प्रतिबल हा शब्द शिकून तिला काय लाभ?

वेंगुर्ल्याची_ताई : मास्तर, याला माझा विरोध आहे. मुलीला संकल्पना घरच्या भाषेत एकदा समजली की पुढे कोणत्याही भाषेत लिहिता येते. माझ्या भाच्याचे तसेच झाले.

मालवण_लेथवाला : या वादावर नंतर बोलू. शेवटच्या दोन ओळींचे काय? तो 10 कशाचा? आणि 235 मला ओळखीचा वाटतो, पण आम्ही इथल्या साध्या पोलादाला 250 धरतो.

लोटे_परशुराम : 235 म्हणजे युरोपातील साध्या बांधकाम पोलादाची यील्ड मर्यादा, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. तिला दीडच्या सुरक्षा गुणांकाने भागले की 157 येतात. आपले 250 इथे घालू नयेत, कारण उदाहरण त्यांच्या पोलादाचे आहे.

तो 10 हा आकडाच नाही. ती लहान आय आणि मोठी ओ ही दोन अक्षरे आहेत आणि 'ठीक आहे' या अर्थाच्या शब्दांचा तो संक्षेप आहे. जर्मन कारखान्यांत तपासणीच्या कागदांवर तो सर्रास दिसतो. म्हणून त्या ओळीचा अर्थ : 110.5 हे 157 पेक्षा कमी आहे, सळई चालेल.

गुहागर_जहाजी : श्पानुंगच्या बाबतीत मी मागे घेतो. पण शेवटच्या ओळीत S. 42 आहे. वर S म्हणजे सुरक्षा गुणांक, तर इथे तो 42 कसा?

लोटे_परशुराम : चांगले पकडलेत. वरच्या S नंतर टिंब नाही, ते सूत्रातले चिन्ह आहे. खालच्या S नंतर टिंब आहे, म्हणजे तो शब्दाचा संक्षेप आहे आणि इथे त्याचा अर्थ 'पान' असा होतो. ओळीचा आरंभ 'तुलना करा' असा आहे. मधला तुटक शब्द बहुधा खाचेच्या परिणामाविषयीचा आहे, मात्र त्याबद्दल मी फोटो न पाहता हमी देणार नाही.

मालवण_लेथवाला : खाच म्हणजे शाफ्टला चावीसाठी घर पाडतो तिथे तडा जातो, तेच ना? मग 110.5 तिथे वाढायला हवा.

लोटे_परशुराम : होय, खाचेच्या तळाशी प्रतिबल वाढते. बल स्थिर आहे की उलटसुलट बदलणारे, यावर त्याचा किती विचार करायचा ते ठरते. लवचीक पोलादावर स्थिर बल असेल तर वरची तपासणी बहुतेक टिकते. बल सतत बदलणारे असेल, तर 'ठीक आहे' हा निकाल पान 42 वाचल्याशिवाय मान्य करू नये. फळ्यावर यापैकी कोणतेच लिहिलेले नाही. तिने सहायकांना हेच विचारावे आणि त्यांच्या टिपणांची मूळ पीडीएफ मागावी, कारण त्यातले शब्द कॉपी करून तपासता येतात.

मालवण_लेथवाला : बहिणीला आत्ताच कळवले. फळ्याच्या उजव्या कडेला, चमक पडलेल्या जागी, एक आकृती अर्धवट दिसते, असे ती म्हणते. सळईला खाच आहे का हे तिला त्यातून कळत नाही. ती उद्या सकाळी सहायकांना विचारील. फोटो डॉक्युमेंट म्हणून आला की इथे जोडतो.