मदत हवी आहे: नाइन-एटीमध्ये एकूण ८० तासच भरले, तरी एक तास ओव्हरटाइम कसा?

मी अमेरिकेत एका प्रयोगशाळेत तासावर पगार घेणारी टेक्निशियन आहे. मार्चपासून आमच्याकडे नाइन-एटी सुरू झालं. सोमवार ते गुरुवार रोज ९ तास, एक शुक्रवार ८ तास आणि पुढचा शुक्रवार सुट्टी. दोन आठवड्यांत ८० तास.

कामाच्या शुक्रवारी माझी वेळ ७ ते ३:३०, मध्ये ११ ते ११:३० जेवण. गेल्या शुक्रवारी मुलीला डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून सुपरवायझरना विचारून ६ ला आले आणि २:३० ला निघाले. तास आठच भरले. तरी टाइमशीटवर एका आठवड्याला ४१ आणि दुसऱ्याला ३९ दिसतायत, आणि ४१ च्या पुढे एक तास ओव्हरटाइम. आता सुपरवायझर म्हणतात, "एकूण ८०च आहेत, सिस्टिमची चूक आहे, मी ४०-४० करून देतो." मी हो म्हणू का? नोकरी नवी आहे, वाद नको वाटतो. पण माझे तास कोणी बदललेलेही आवडत नाहीत.

रानवारा: सुपरवायझर बरोबर आहेत. आमच्या हॉस्पिटलमध्ये १४ दिवसांचे ८० तास धरतात, त्यावर गेलं तरच ओव्हरटाइम. तुमचे ८० झाले, विषय संपला.

जुनाहिशेबनीस: रानवारा, तुमची पद्धत खरी आहे, पण ती हॉस्पिटल आणि निवासी शुश्रूषागृहांपुरती आहे. तिथेही दिवसाला ८ च्या वर गेलं की ओव्हरटाइम लागतो, म्हणजे रोज ९ तास केले तर रोज एक तास. प्रयोगशाळा स्वतंत्र असेल तर ती सवलत नाही.

बाकीच्यांना १९३८ चा केंद्रीय कायदा लागू. त्यात आठवड्याला ४० च्या वर गेलं की ओव्हरटाइम. प्रत्येक आठवडा स्वतंत्र मोजतात, दोन आठवड्यांची सरासरी काढता येत नाही. आठवडा म्हणजे सलग १६८ तास. तो कुठल्या वारी, किती वाजता सुरू व्हावा हे मालक ठरवतो, पण एकदा ठरलं की तसंच राहतं.

नेहमीसारखा रविवारपासून आठवडा धरला तर तुमचे ४४ आणि ३६ होतील, म्हणजे दर पंधरवड्याला ४ तास ओव्हरटाइम. ते टाळायला नाइन-एटीत आठवडा शुक्रवारच्या शिफ्टच्या मधोमध बदलतात. तुमच्याकडे बहुतेक ११ वाजता. सकाळचे ४ तास संपत आलेल्या आठवड्यात (३६ + ४), दुपारचे ४ नव्या आठवड्यात (४ + ३६).

तुम्ही ६ ला आलात, म्हणून ११ च्या आधी ५ तास झाले आणि नंतर ३. म्हणून ४१ आणि ३९. सिस्टिम अगदी बरोबर आहे. ओव्हरटाइमचा तास दीडपटीने, म्हणून तासाला ३२ डॉलर धरले तर फरक १६ डॉलरचा. रक्कम लहान आहे, पण प्रत्यक्ष केलेले तास कागदावर हलवणं चुकीचंच. पुन्हा असं होऊ नये म्हणून ते तुम्हाला ताकीद देऊ शकतात, पण झालेल्या तासाचे पैसे द्यावेच लागतात.

पिंपळपान: मी रोज दहा-दहा तास बसतो, मला कधीच ओव्हरटाइम मिळाला नाही. तक्रार करू शकतो का?

जुनाहिशेबनीस: तुमचा पगार ठरलेला असेल आणि काम कायद्यातून वगळलेल्या प्रकारात बसत असेल तर नाही. नुसता पगार ठरलेला आहे एवढ्यावर मात्र ते ठरत नाही. वेगळा धागा काढा, कामाचं स्वरूप सविस्तर लिहा.

सांजदिवा: मी कॅलिफोर्नियात आहे. आमच्याकडे दिवसाला ८ च्या वरही ओव्हरटाइम असतो. म्हणून ९ तासांचे दिवस सुरू करण्याआधी आमच्या विभागात गुप्त मतदान झालं, दोन-तृतीयांश मतं लागली. तुमचं राज्य कुठलं ते बघा.

धागाकर्ती: राज्य दुसरं आहे, इथे रोजची मर्यादा नाही. जुनाहिशेबनीस, मनापासून आभार. आणखी एक. पुढच्या महिन्यात माझा सुट्टीचा शुक्रवार भरून त्याऐवजी पुढचा घ्या, असं सुचवलंय. तास तेवढेच राहतात ना?

जुनाहिशेबनीस: बेरीज तेवढीच, वाटणी वेगळी. सुट्टीच्या शुक्रवारी पूर्ण दिवस आलात तर ११ ला संपणारा आठवडा ४ + ३६ + ४, म्हणजे ४४. पुढचा शुक्रवार घेतलात की तो आठवडा ४ + ३६ = ४० आणि त्यानंतरचा फक्त ३६. त्या ४४ मधले वरचे ४ तास दीडपटीने. अदलाबदल करायचीच असेल तर हे आधी पेरोलला लेखी विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी अदलाबदलीला बंदी असते ती याचसाठी.

रानवारा: आमच्याकडे रोज बारा तास करतो, त्याचं आता मीही पे-स्लिपवर बघते.

धागाकर्ती: आज सुपरवायझरना सांगितलं की टाइमशीट आहे तशीच राहू द्या. ते पेरोलशी बोलतो म्हणालेत. शुक्रवारचं अजून ठरलेलं नाही. सणाच्या सुट्टीचे आम्हाला ८ तास देतात, आणि ती ९ तासांच्या दिवशी आली तर उरलेला एक तास कुठून भरायचा हे कोणाला माहीत आहे का?