‘विक्रीमिश्रण’ म्हणजे नेमकं कशाचं मिश्रण?

पाटीपेन्सिल

बचतगटांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. एका वाक्यावर आठवडाभर अडकले आहे: ‘विक्रीमिश्रण बदलल्यास सरासरी अंशदान बदलते व समविच्छेद बिंदू सरकतो.’ हे एका गटाला वाचून दाखवलं. खजिनदार बाई म्हणाल्या, “हे कुठल्या परीक्षेला आहे?”

गंमत म्हणजे त्यांना नेमका हाच प्रश्न पडलेला. गट दोनच वस्तू करतो. चकलीचं पाव किलोचं पाकीट १२० रुपयांना जातं, त्यात माल, गॅस, पॅकिंग धरून ७२ रुपये लागतात. काजू कतलीचा अर्ध्या किलोचा डबा ४०० ला जातो, त्याला ३२० लागतात. भाडं, पगार आणि टेम्पोचा हप्ता मिळून महिन्याला ६७,२०० रुपये, काही विको न विको. आधीच्या महिन्यात ९०० पाकिटं आणि ३०० डबे गेले, बरोब्बर हातातोंडाची गाठ पडली. पुढच्या महिन्यात ५०० पाकिटं, ५०० डबे. गल्ला २,२८,००० वरून २,६०,००० वर गेला आणि तरी ३,२०० रुपये पदरचे घालावे लागले.

त्यांना हे कोणत्या शब्दांत सांगू? तिन्ही शब्दांना पर्याय हवेत.

खडूफळा

‘अंशदान’ काढाच. राज्य सरकारच्या नोकरीतल्या कोणालाही विचारा, १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची पेन्शनसाठी पगारातून कापली जाणारी रक्कम आठवेल. ‘योगदान’ म्हटलं की सत्कार समारंभ, ‘वर्गणी’ म्हटलं की गणपती. सरळ ‘मार्जिन’ म्हणा, बाजारात सगळे तेच म्हणतात.

हिशेब म्हणाल तर सोपा आहे. चकलीत ४० टक्के मार्जिन, कतलीत २० टक्के. सरासरी ३० टक्के. कमी मार्जिनचा माल जास्त विकला म्हणून खर्च भरून निघायला लागणारी विक्री, म्हणजे तुमचा बिंदू, वर गेला. जास्त मार्जिनचा माल विका, बिंदू खाली येतो. एवढंच वाक्य पुरेल.

जुनी खतावणी

खडूफळा, ‘अंशदान’बद्दल सहमत. बाकी अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच ताईंचं उत्तर आहे.

३० टक्के ही सरासरी केव्हा खरी? दोन्ही मालांचे रुपये सारखे आले तर. दुसऱ्या महिन्यात नग सारखे होते, रुपये नव्हते. चकलीचे ६०,००० आले, कतलीचे दोन लाख. कतलीचा वाटा तिपटीहून जास्त, म्हणून सरासरी तिच्याकडे ओढली जाते: ६४,००० भागिले २,६०,०००, म्हणजे साधारण २४.६ टक्के. आधीच्या महिन्यात ती २९.५ होती. तुमचे ३० टक्के धरून बसलो असतो तर २,२४,००० च्या विक्रीला खर्च सुटतो असं वाटलं असतं. प्रत्यक्षात या वाट्याने २,७३,००० लागतात.

आता शब्द. चाळीस वर्षं दुकानदारांच्या वह्या पाहिल्या, एकानेही ‘अंशदान’ म्हटलं नाही. म्हणायचे, “पाकिटामागे किती सुटतात?” चकलीमागे ४८ सुटतात, कतलीमागे ८०. आणि महिनाअखेरीस, “भाडं-पगार सुटलं का?” पहिला ‘सुटणे’ तुमचं अंशदान, दुसरा तुमचा समविच्छेद. एकाच क्रियापदात दोन्ही बसतात, आणि दोघांचा संबंधही त्यातच कळतो.

कांदाभाकर

आमच्याकडे नेमकं हेच. कांदा काढणीची मजुरी सुटत नाही म्हणून वावरात सोडून दिला होता एका साली. पण आम्ही ‘सुटत नाही’ म्हणतो तेव्हा बियाणं, खत, सगळं धरून म्हणतो का फक्त काढणी, हे ज्याचं त्याला ठाऊक. त्यामुळे हा शब्द वाटतो तितका स्वच्छ नाही.

जुनी खतावणी

मार्मिक आहे. शेतात उभं पीक असताना बियाणं-खत झालेला खर्च, समोर असतो तो फक्त काढणीचा. म्हणून ‘कशातून सुटतात’ ते पुस्तिकेत एकदा सांगावंच लागेल.

फराळवाली

मला कळलं नाही इतकं काय अवघड आहे. मिश्रण विकायचं तर आम्ही दिवाळीला डबाच करतो, चकली तीन पाकिटं आणि एक कतली, एकत्र किंमत. गिऱ्हाईक आख्खा डबाच घेतं. तुमच्या गटाला पण हेच सांगा.

पाटीपेन्सिल

फराळवालीताई, इथे एकत्र बांधलेला माल म्हणायचं नाहीये. वेगवेगळंच विकलं जातं, एकूण विक्रीत कशाचा किती भाग ते म्हणायचंय. पण तुम्हाला असं वाटलं यावरूनच ‘मिश्रण’ शब्द नापास झाला की.

जुनी खतावणी

नापास झाला हे खरं, पण फराळवालीताईंनी नकळत हिशेबाचं मूळ गृहीतक सांगितलं. पुस्तकी पद्धतीत हेच करतात. ३ पाकिटं आणि १ डबा असा एक मनातला गठ्ठा बांधायचा, त्यात सुटतात ३ गुणिले ४८ अधिक ८०, म्हणजे २२४. ६७,२०० ला २२४ ने भागलं की ३०० गठ्ठे. म्हणजे ९०० पाकिटं, ३०० डबे. गटाचा पहिला महिना.

फराळवालीताईंच्या डब्यात हा वाटा दोरीने बांधलेला असतो. गटाच्या टेबलावर गिऱ्हाईक दोरी सोडतं. एकास एक झालं की गठ्ठ्यात १२८ सुटतात, ५२५ जोड्या लागतात.

सवाईदीड

थांबा. ५२५ जोड्या म्हणजे १,०५० नग. आधी १,२०० लागत होते. म्हणजे कतली वाढल्यावर बिंदू खाली आला! आणि वर तुम्हीच म्हणालात की २,२८,००० चे २,७३,००० झाले, म्हणजे वर गेला. दोन्ही कसं?

जुनी खतावणी

दोन्ही. कतलीचा डबा नगामागे जास्त सोडतो आणि रुपयामागे कमी. नग मोजाल तर बिंदू खाली, रुपये मोजाल तर वर. म्हणून ताईंच्या वाक्यातला ‘सरकतो’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. कुठे सरकतो ते मापावर आहे.

‘बिंदू’ सुद्धा तसा फसवाच. नुसती चकली विकली तर १,४०० पाकिटांना खर्च सुटतो, गल्ला १,६८,०००. नुसती कतली, तर ८४० डबे, गल्ला ३,३६,०००. यांच्या मधली प्रत्येक जोडी चालते. कागदावर ती रेघ येते. वाटा ठरवला की मगच त्या रेघेवरचा एक ठिपका मिळतो.

खडूफळा

मान्य, सरासरीत मी घसरलो. पण मग ३,२०० चा तोटा नक्की कशामुळे? वाटा बदलल्यामुळे की माल कमी गेल्यामुळे? खजिनदार बाईंना तेच हवंय.

सवाईदीड

मी मांडून पाहिलं, चुकलं तर सांगा. नगांनी: २०० नग कमी गेले, नगामागे सरासरी ५६ सुटत होते, म्हणजे ११,२०० बुडाले. वाटा बदलल्याने सरासरी ५६ ची ६४ झाली, हजार नगांवर ८,००० मिळाले. निव्वळ ३,२०० तोटा. म्हणजे वाट्याने उलट वाचवलंय.

रुपयांनी: विक्री ३२,००० ने वाढली, जुन्या टक्क्याने ९,४०० च्या आसपास जास्त सुटायला हवे होते. टक्का घसरल्याने १२,६०० च्या आसपास गेले. निव्वळ तेच ३,२००, पण इथे वाटाच गुन्हेगार.

कांदाभाकर

किलोत मोजा ना. पाकीट पाव किलो, डबा अर्धा किलो, त्यांना एक-एक नग म्हणून शेजारी बसवता कशाला?

सवाईदीड

बापरे. पहिला महिना २२५ किलो चकली, १५० किलो कतली. दुसरा १२५ आणि २५०. दोन्ही वेळा ३७५ किलो! वजन तसूभर बदललं नाही. चकली किलोमागे १९२ सोडते, कतली १६०. शंभर किलो इकडून तिकडे गेले, ३२ चा फरक, ३,२००. सगळाच तोटा वाट्याचा.

जुनी खतावणी

शाब्बास. एका तोट्याची तीन कारणं निघाली, हिशेब तिन्ही बरोबर. मी कामावर असताना विक्रीखातं नगांचा तक्ता आणायचं आणि भांडारवाले वजनाचा. बैठकीत दोघे एकमेकांना खोटं ठरवायचे.

कोणतं माप घ्यावं? जे गटाला अडवतं ते. स्वयंपाकघर महिन्याला ३७५ किलोच्या वर काढू शकत नसेल तर किलो. गिऱ्हाईक ठरावीक रकमेच्या भेटवस्तू घेत असेल तर रुपये. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच काहीतरी उचलत असेल तर नग. आणि खरी अडचण शेगडीवरच्या तासांची असेल तर तिन्ही सोडा, तासामागे किती सुटतात ते पाहा.

खडूफळा

काका, पण कतलीला वेगळी कामाची बाई ठेवली असेल तर ६७,२०० तरी कुठे तेच राहतात?

पाटीपेन्सिल

ठेवलेली नाही, पण ठेवायचं चाललंय.

जुनी खतावणी

मग रेघच उचलली जाईल. तो हिशेब वेगळा मांडा, वाट्यात कालवू नका.

पाटीपेन्सिल

आता शब्दावर या. ‘विक्रीतला मेळ’ कसा वाटतो?

जुनी खतावणी

नको. व्यापाऱ्याला ‘मेळ’ म्हटलं की रोजमेळ दिसतो, रोख शिल्लक जुळली की नाही ते.

फराळवाली

‘वाटा’ म्हणा. कतलीचा वाटा वाढला, चकलीचा घटला. आम्हाला लगेच कळतं. भाकरीचा वाटा, शेताचा वाटा.

सवाईदीड

शेताचा वाटा म्हटलं की भाऊबंदकी पण कळते. ‘वाटा’ आणि नफ्यातली ‘वाटणी’ यात गटात घोळ होणार, लिहून घ्या.

पाटीपेन्सिल

तूर्त असं लिहिते: ‘विक्रीत कोणत्या वस्तूचा वाटा किती, यावर सरासरी किती सुटतात ते ठरतं. वाटा बदलला की भाडं-पगार सुटायला लागणारी विक्रीही बदलते. वाटा नगांत मोजला, किलोत की रुपयांत, ते आधी लिहा.’ आणि खाली चकली-कतलीचे दोन महिने किलोत मांडते, कारण कढई एकच आहे.

खडूफळा

‘समविच्छेद’ कंसात तरी ठेवा. त्यातल्या कोणी पुढे बँकेत कर्जाला गेली तर साहेब तोच शब्द विचारतील.

कांदाभाकर

साहेब ‘ब्रेक-इव्हन’ विचारतील.