मदत हवी आहे: ‘मालक’चं इंग्रजी काय करू?

छाटणी_ऑक्टोबर: पेपर परत आलाय, सोमवारी पाठवायचाय. रिव्ह्यूअर म्हणतो अवतरणं सपाट वाटतात, भाषांतर कसं केलं ते लिहा. वाक्य असं: “आमच्यात मालकांना विचारल्याशिवाय उचल घेत नाहीत. आपण कशाला बोलायचं?” मी ‘ओनर’, ‘अ‍ॅडव्हान्स’ आणि दोन्हीकडे ‘वुई’ घातलंय. चुकलं कुठे?

शाईपेन: बोलणारं कोण? त्याआधी प्रश्न काय विचारला होता?

छाटणी_ऑक्टोबर: सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागेत येणारी मजूर बाई. विषय मजुरीचा, म्हणजे मालक बागवालाच. उघड आहे.

शाईपेन: उघड कसलं! नाव घ्यायचं नाही म्हणून बायका नवऱ्यालाही ‘मालक’ म्हणतात. उचल बागवालाच देत असेल, तर त्याला न विचारता ती घेणार कशी? मुकादम देत असेल तर गोष्ट वेगळी. उचल कोण देतं?

गोदाकाठ: एवढा कीस कशाला? दुसऱ्या कुणाकडून इंग्रजीचं परत मराठी करून घ्या, मूळाशी ताडून बघा. चूक लगेच दिसते.

शाईपेन: इथे नेमकी दिसणार नाही. ‘ओनर’चं परत ‘मालक’च होणार, शब्द जुळला की आपण निर्धास्त, अर्थ मात्र चुकलेलाच. ‘वुई’चं तेवढं पकडलं जाईल, कारण दोन्हीकडे ‘आम्ही’ येईल. ‘आमच्यात’ म्हणताना ती विचारणाऱ्याला बाहेर ठेवते. ‘आपण कशाला बोलायचं’ मधलं ‘आपण’ बहुतेक ती स्वतःच आहे, अंग काढून घेणारी. पहिल्याला ‘अमंग अवर पीपल’ करा. दुसऱ्याला ‘हू अ‍ॅम आय टू स्पीक’ नको, त्यात नसलेली नम्रता येते. ‘व्हाय शुड आय से एनीथिंग’ चालेल.

गोदाकाठ: ‘आय’ केलंत की बाई एकदम ठाम होते. मी ‘वन’ ठेवेन.

शाईपेन: ‘वन’ म्हणणारी मजूर बाई इंग्रजीत प्राध्यापिका वाटते.

सही_शिक्का: भाषांतर नोटरी करून घ्या, जर्नलला तेच लागतं.

गोदाकाठ: कोर्टात जायचं नाहीये हो त्यांना.

शाईपेन: @छाटणी_ऑक्टोबर, कोडिंग मराठीवर केलंत की इंग्रजीवर?

छाटणी_ऑक्टोबर: इंग्रजीवर. ‘मालक’ आला तिथे ‘एम्प्लॉयर कंट्रोल’ लावलंय. आत्ता ऑडिओ ऐकला. उचल बागवालाच देतो. आधीचा प्रश्न होता, “पैसे कोणाच्या हातात येतात?” लिहून देणाऱ्याने तो गाळलाय, बोलीही शुद्ध केलीय.

शाईपेन: मग इथे नवराच. नुसतं अवतरण बदलून भागणार नाही. ‘मालक’ असलेली प्रत्येक ओळ मराठीत काढा, मागचा-पुढचा प्रश्न ऑडिओवर ऐका आणि कोड पुन्हा लावा. बागवाला आणि नवरा एकाच कोडखाली असतील तर तुमचा निष्कर्षच हलतो. पद्धतीच्या भागात भाषांतर कुणी केलं, कोडिंगआधी की नंतर, आणि ‘मालक’ कसा ठरवला, हे तीन वाक्यांत लिहा.

छाटणी_ऑक्टोबर: दोन मुलाखतींत ऐकूनही कळत नाही.

शाईपेन: तिथे ‘मालक’ तसाच ठेवा, एक तळटीप द्या, आणि त्या ओळी कुठल्याच बाजूने पुरावा म्हणून वापरू नका.

गोदाकाठ: तळटीप शब्दमर्यादेत धरतात का ते आधी बघा. आणि सोमवार विसरा, मुदत वाढवून मागा.