इंग्रजीत अंदाज सांगताना मस्टचं नकारार्थी रूप मस्टन्ट का नाही?

> "दिवे बंद आहेत, म्हणजे तो घरी नसला पाहिजे. मग 'ही ___ बी अ‍ॅट होम'मध्ये मस्टन्ट चूक आणि कान्ट बरोबर, असं का?"

गोंधळाचं मूळ आपल्या 'पाहिजे'त आहे. 'तो घरी असला पाहिजे' हा अंदाजही असतो आणि सक्तीही. इंग्रजी मस्टचंही तसंच, पण नकारात वाटा फुटतात. मस्टन्ट म्हणजे मनाई. खात्रीचा नकारार्थी अंदाज मात्र कान्टकडे जातो. म्हणून गाळलेल्या जागी आधी मराठी शब्द घालून बघा: 'शक्यच नाही' बसलं तर कान्ट, 'मनाई आहे' बसलं तर मस्टन्ट, 'गरज नाही' बसलं तर डोन्ट हॅव टू. इथे दिवे बंद असणं हा पुरावा आहे. घरी असायला कुणी मनाई केलेली नाही. म्हणजे कान्टच. (पर्यायांत मे नॉट असेल तर तो फक्त 'कदाचित नसेल' इतकाच.)

अमेरिकन बोलण्यात 'ही मस्ट नॉट बी होम' असा अंदाज सर्रास ऐकू येतो, त्यामुळे तुमच्या कानाला ते चुकीचं वाटलं नसेल तर नवल नाही. पण दोन्ही पर्याय समोर असले की परीक्षकाला कान्टच हवं असतं.

भूतकाळातही तोच नियम: 'तो गेलाच नसणार' म्हणजे कान्ट हॅव गॉन. मस्टन्ट हॅव गॉन दिसलं की बहुतेक तो सापळाच.