शेवटच्या ओळीचा एक गुण

अर्धविराम: जुन्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात H₀, H₁, सूत्र, टेबल व्हॅल्यू आणि शेवटची ठरलेली ओळ लिहिली की पूर्ण गुण. सगळं पाठांतर. हा साचा एकदाचा बंद करा.

जुना तपासनीस: हे पेपर मी वर्षानुवर्षं तपासलेत, म्हणून राहवत नाही. एक गणित बघा. आठ जणांचे प्रशिक्षणाआधीचे गुण 42, 55, 38, 61, 47, 50, 66, 41. त्याच क्रमाने नंतरचे 45, 57, 37, 66, 51, 52, 67, 45. सरासरी 50 वरून 52.5 वर गेली. बरीच मुलं याला दोन वेगळे गट समजायची. तसं केलं की t येतो 0.49. टेबलात 14 डिग्री ऑफ फ्रीडमला 2.145, म्हणून फरक नाही, असं लिहून मोकळी.

पण माणसं तीच आहेत ना! प्रत्येकाचा फरक काढा: 3, 2, −1, 5, 4, 2, 1, 4. सरासरी 2.5, तिची स्टँडर्ड एरर 0.68, t = 3.67. टेबलात 7 ला 2.365. H₀ गेली. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. 38 वाला आणि 66 वाला मुळातच वेगळे आहेत, आणि त्यांच्यातलं ते अंतर पहिल्या पद्धतीत भाजक फुगवतं. प्रशिक्षणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ज्याने पहिल्याच ओळीत H₀: μ_d = 0 लिहिलं, त्याला हे कळलेलं असायचं. पुढे भागाकार चुकला तरी पद्धतीचे गुण मी कापले नाहीत. याला पाठांतर म्हणता?

टेबलवाला: पेअर्ड मान्य. पण सरासरी वाढलेली समोर दिसतेय, मग वन-टेल घ्या की. 1.895 च ओलांडायचं आहे.

जुना तपासनीस: आकडे बघून शेपूट ठरवायचं नसतं. H₁ गणिताच्या वाक्यातून येते. ‘सुधारणा झाली का’ विचारलं असेल तर वन-टेल, ‘बदल झाला का’ असेल तर टू-टेल. आकडे जातील तिकडची बाजू धरलीत, तर 5 टक्के म्हणून प्रत्यक्षात 10 टक्के चूक पत्करताय.

तिसरा बाक: शेपटाचं राहू द्या. मी ‘H₀ नाकारता येत नाही’ असं लिहिलं होतं. एक गुण कापला, कारण मॉडेल आन्सरमध्ये ‘स्वीकारली’ होतं. सरांना विचारायला गेलो तर म्हणाले, एकच अर्थ आहे, छापलंय तसं लिहायचं. मग एकच अर्थ असेल तर गुण कशाचा कापला?

टेबलवाला: एकच अर्थ आहे. उगाच शब्दांचा कीस.

तिसरा बाक: अजिबात नाही! वरचंच चुकीचं उत्तर घ्या, t = 0.49 वालं. त्यातून निघणारा 95 टक्क्यांचा पट्टा −8.5 ते 13.5 असा आहे. म्हणजे गुण तेराने वाढले असतील हीही शक्यता त्या आकड्यांत बसते. यावर ‘फरक शून्य हे स्वीकारलं’ म्हणायचं?

नमुना: दोघांची बाजू इतिहासात आहे. फिशरचं म्हणणं, नल हायपोथेसिस कधी सिद्ध होत नाही, फार तर खोटी ठरते. नेमन आणि पिअर्सन यांनी 1933 मध्ये चाचणीला निर्णयाचा नियम मानलं. तिथे ‘स्वीकारणे’ म्हणजे ती खरी आहे असं धरून पुढचं पाऊल टाकणे, तिच्यावर विश्वास ठेवणे नव्हे. पर्यायी हायपोथेसिसही त्यांचीच, फिशरची नाही. पेपरातल्या साच्यात दोन्ही घराणी एकत्र आली आणि तो अर्थ शेवटच्या ओळीतून गळला.

कोरी वही: माझ्या प्रोजेक्टमध्ये p 0.06 आलाय. अजून थोडे सॅम्पल घेऊन 0.05 च्या खाली आणू का?

नमुना: नका. खाली येईपर्यंत मोजत राहिलात तर कधीतरी येणारच, मग त्या 0.05 ला काही अर्थ उरत नाही. आहे तो आकडा पट्ट्यासह लिहा.

अर्धविराम: ठीक, पहिल्या दोन ओळींबद्दल मी घाईने बोललो. पण आमच्या पेपरात प्रश्नातच छापलेलं असायचं, ‘पेअर्ड t-टेस्ट वापरून तपासा’. मग निवड कुठे राहिली? ती पेपर काढणाऱ्याने आधीच करून टाकली होती.

जुना तपासनीस: असे प्रश्न यायचे, खरं आहे. मी काढलेल्या पेपरात चाचणीचं नाव कधी घातलं नाही, आणि निकाल खाली आला म्हणून ऐकूनही घेतलं. ‘स्वीकारली’ मात्र मीही बरोबर धरत आलो. ‘नाकारता येत नाही’ लिहिणाऱ्याचा गुण कापला नाही, एवढंच सांगू शकतो.

तिसरा बाक: माझा पेपर तुमच्याकडे यायला हवा होता.

टेबलवाला: निर्णय घ्यायचाच असेल तर ‘स्वीकारली’ मला अजूनही चालतं. वन-टेलचं मात्र मागे घेतो.